हाताची घडी, तोंडावर बोट

सावळेराम सरांना वर्गात गप्प बसायला सांगणं म्हणजे शर्यतीत बैलगाडा सुटल्यावर घाटाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला 'ओरडू नको हं' म्हणण्यासारखं. होणारच नाही! आणि नेमकी तीच पाळी आली स्वप्नावर. तीही कशी, तर ज्या सरांनी लोणीच्या शाळेत तिला पाचवीला शिकवलं, ज्यांच्यामुळे ती आज डिंगोऱ्याच्या शाळेत पाचवीचाच वर्ग घेत होती, त्या सरांना!

पण आधी ही भानगड सुरू कशी झाली ते ऐका.

सुरू केली वैजयंती मॅडमनी. त्या तळेघरच्या शाळेवर शिकवायच्या. गाड्या कमी, चालणं फार, म्हणून मॅडम राहायला घोडेगावात, मांगीलालशेठच्या कापडाच्या दुकानाच्या माडीवर. कुठल्याशा प्रशिक्षणात तिघांची गाठ पडली आणि मॅडमनी दोघांना एका शनिवारी दुपारी माडीवर बोलावलं. स्वप्ना जुन्नरवरून स्कूटीनं आली, सर लोणीहून मोटारसायकलवर आले. खाली शेठ कापड फाडत होते, चर्र चर्र, आणि वर मॅडम सांगत होत्या.

"याला पाठ अभ्यास म्हणतात. तिघांनी मिळून एकच पाठ लिहायचा. एकानं तो वर्गावर घ्यायचा, दोघांनी बघायचं. मग तिघांनी बसून तो उसवायचा, नीट शिवायचा आणि दुसऱ्यानं दुसऱ्या वर्गावर घ्यायचा. तेव्हा पुन्हा दोघांनी बघायचं."

"एका पाठासाठी?" सर म्हणाले. "वैजयंतीबाई, मी असले पाठ चालता चालता घेतो!"

"घेता हो. पण पोरांच्या डोक्यात त्या वेळी काय चाललंय ते दिसतं का? आपलं तोंड फळ्याकडं."

सर हसले. "माझ्या डोक्याला मागंबी डोळे हायेत. विचारा हिला."

स्वप्नानं मान हलवली. खरंच होते.

मग मॅडमनी तिघांच्या वर्गांतले पेपर सतरंजीवर पसरले. गणिताचे. आणि गंमत अशी की तीन गावं, तीन मास्तर, पण चूक एकच! परिमिती आणि क्षेत्रफळ. पोरांना दोन्ही सूत्रं पाठ. पण शेताला कुंपण घालायचं असलं तरी लांबी गुणिले रुंदी, आणि शेतात खत पसरायचं असलं तरी चारी बाजूंची बेरीज. सरांनी आपल्या वर्गाचा गठ्ठा हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला.

"माझ्या वर्गातबी? अहो, सूत्र तर पोरं झोपेत म्हणत्यात!"

"झोपेतच म्हणतात," मॅडम म्हणाल्या.

ठरलं. पाठ याच्यावरच.

आता तुम्हाला वाटेल एक पाठ लिहायला कितीसा वेळ! अहो, तीन शनिवार गेले. आपलं नेहमीचं टाचण कसं असतं? शिक्षक काय करील, शिक्षक काय सांगेल, संपलं. या टाचणात मधला मोठा रकाना पोरांचा होता. आपण हे विचारलं तर पोरं काय काय बोलतील? चुकतील तर कशी चुकतील? आणि ती तशी चुकली तर आपण पुढं काय विचारायचं? स्वप्नाला तो रकाना फार आवडला. म्हणजे वर्गात जायच्या आधीच वर्गातल्या पोरांशी गप्पा मारायच्या!

मॅडम म्हणाल्या, सूत्र आधी द्यायचं नाही. दोरी द्यायची. दोरीचं कडं करून वर्गाच्या फरशीवर शेळ्यांचा वाडा आखायचा. एक लांबडा, एक चौरस. दोरी तीच, म्हणजे परिमिती तीच. कुठल्या वाड्यात जास्त शेळ्या मावतील? एका फरशीवर एक शेळी. शेळी म्हणून चिंचोके.

"दोरी सोळा फरश्यांची घेऊ," सर म्हणाले. "चार बाय चार. सुटसुटीत."

स्वप्नानं कागदावर चौकटी आखल्या आणि ओरडलीच. "सर, नको! चार बाय चारची परिमिती सोळा आणि आतल्या फरश्यापण सोळाच. पोरानं कडेनं मोजलं का आतून, आपल्याला कळणारच नाही!"

सरांनी चष्मा वर केला. "आयला! खरंच की." आणि तिच्याकडं असं बघितलं, असं बघितलं, की तिला वाटलं आपण परत पाचवीत आहोत आणि पहिला नंबर आलाय.

मग दोरी वीसची झाली. नऊ बाय एक आणि पाच बाय पाच. पोरं काय म्हणतील? कुणी म्हणेल लांबडा मोठा, कारण लांब दिसतो. कुणी म्हणेल दोन्ही सारखे, कारण दोरी तीच. कुणी फरश्या मोजेल. रकाना भरला.

"पहिला पाठ कोण घेणार?" मॅडमनी विचारलं.

"मी घेते," स्वप्ना म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

पण तिच्या मनात एक गोष्ट होती. तिच्या वर्गात खंडू नावाचा मुलगा होता. वहीत गणित बरोबर, पण 'का रे असं?' विचारलं की पायाच्या बोटांकडं बघायचा. शेजारच्याचं उतरवतो, असं सगळे म्हणत. स्वप्नाला ते पटत नव्हतं. त्याच्या कपाळावर कसल्यातरी विचाराची आठी असायची. काय चालतं त्या आठीमागं? वर्गात शिकवत असताना तिला ते कधी बघायलाच मिळायचं नाही. हा पाठ म्हणजे तिच्यासाठी एक खिडकी होती आणि तिला त्या खिडकीतून खंडूच बघायचा होता. म्हणून ती म्हणाली, "सर, तुम्ही खंडूच्या गटाजवळ बसा. तुमच्याएवढी नजर कुणाची नाही."

"बसतो की. आणि असं कर, आदल्या दिवशी पोरांकडनं हे एकदा फिरवून घे. पावण्यांसमोर घसरायला नको."

"नाही हं सर!" मॅडम म्हणाल्या. "तालीम केलेला पाठ बघून काय मिळणार? आपल्याला पोरं अडतात कुठं तेच बघायचंय. आणि बघणाऱ्यांनी बोलायचं नाही, मदत करायची नाही, मान डोलवायची नाही. पोरानं काय केलं, काय म्हटलं तेवढं लिहायचं. 'छान' लिहायचं नाही."

"म्हंजे हाताची घडी, तोंडावर बोट?"

"तेच! जन्मभर पोरांना सांगितलं, आता आपण."

तेवढ्यात मांगीलालशेठ चहा घेऊन वर आले. म्हणाले, "सर, हे आमाला जमतं बघा. गिऱ्हाईक तागा बघत असलं की दुकानदारानं गप बसायचं. मधी बोललं का उठून जातं."

"शेठ, तुमचं गिऱ्हाईक उठून जातं. आमचं चिकटून बसतं, दुपारी घंटा होईस्तोवर!" सर म्हणाले, आणि सगळे हसले. स्वप्नापण हसली. तेव्हा तिला कुठं माहीत होतं!

केंद्रप्रमुखांची परवानगी झाली, दोघांचे वर्ग सांभाळायला सहकारी तयार झाले, आणि एका शनिवारी सकाळी डिंगोऱ्याच्या शाळेत पाहुणे हजर. पोरं खूश. स्वप्नानं दोरी हातात घेतली.

आधी प्रत्येकानं पाटीवर आपापला अंदाज लिहिला. खंडूनं लिहिलं, 'सारख्याच.' मग गट पसरले, काही वर्गात, काही व्हरांड्यात. पोरांनी कोपरे धरले, दोऱ्या ताणल्या, 'ए, तुझा कोपरा सुटला!' असा कालवा सुरू झाला. खंडूच्या गटात चिंचोके ठेवायचं काम खंडूकडं आलं. आधी लांबडा वाडा. खंडूनं काय केलं? चिंचोके आतल्या फरश्यांवर ठेवलेच नाहीत. दोरीच्या कडेकडेनं ठेवत गेला. प्रत्येक फरशीच्या कडेला एक, असे पार फिरून वीस.

सावळेराम सर भिंतीपाशी सतरंजीवर बसले होते. हाताची घडी. तोंडावर बोट. सगळं नियमानं! पण त्यांचे डोळे त्या चिंचोक्यांवर असे नाचत होते, जशी शेवटच्या चेंडूवर आमच्या पारावरची सगळी माणसं नाचतात.

मग चौरस वाडा. खंडूनं परत कडेनं सुरुवात केली. एक, दोन, तीन. स्वप्ना दुसऱ्या गटाकडून वळत होती, आणि तिनं बघितलं. सरांचा उजवा पाय हळूच पुढं आला. पायाचा अंगठा एका चिंचोक्याला लागला. आणि चिंचोका, टुक! आतल्या फरशीवर.

खंडूनं अंगठा बघितला. सरांचं तोंड बघितलं. मग सगळे चिंचोके गोळा केले आणि आत एकेका फरशीवर एकेक मांडत सुटला. पंचवीस! परत लांबडा वाडा केला. नऊ!

"म्याडम, चौरसात पंचवीस, लांबड्यात नवच!" खंडूच्या गटातली पोरगी ओरडली. सगळ्या वर्गात पहिलं उत्तर त्यांचं. टाळ्या! खंडू पायाच्या बोटांकडं बघत होता.

पोरं घरी गेली तशी तिघं त्याच वर्गात बसली. या चर्चेचेपण नियम असतात बरं. ज्यानं पाठ घेतला तो पहिल्यांदा बोलतो, म्हणजे मग त्याला कुणी घेरत नाही. आणि 'तुझा पाठ' म्हणायचं नाही, 'आपला पाठ' म्हणायचं, कारण लिहिला तिघांनी.

स्वप्ना पहिल्यांदा बोलली. वेळ कमी पडला, म्हणाली. दोऱ्या निसटत होत्या, म्हणाली. अंगठ्याचं बोललीच नाही.

मग सरांनी आपला कागद वाचला. "खंडू. आधी अंदाज, सारख्याच. मग कडेनं चिंचोके, म्हंजे परिमितीच मोजत व्हता. मग थांबला. विचार केला. आणि स्वतःच दुरुस्त केलं." त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "स्वप्ने, पोरगं लई हुशार हाय तुझं!"

खोटं बोलत नव्हते हो सर. त्यांना खरंच तसंच वाटत होतं.

"वा!" वैजयंती मॅडम म्हणाल्या. "माझ्या गटातपण तिघं 'सारख्याच' म्हणत होती. मी म्हटलं दोरीनं गोंधळ होतोय. पण खंडूसारखं पोर आपलं आपण सुधारत असेल, तर मधली पायरी बदलायला नको. वेळ तेवढा वाढवू." आणि त्यांनी पेन उचललं.

स्वप्ना त्या पेनाकडं बघत राहिली. आता हा पाठ असाच लोणीला जाणार, मग तळेघरला, आणि त्याचा पाया काय, तर सरांचा अंगठा! आणि खंडू? कडेकडेनं काय मोजत होता तो? जी खिडकी तिला हवी होती ती उघडली होती, खरंच उघडली होती, आणि कुणीतरी पायानं लोटून घेतली. बोललं तर सरांचा अपमान. उठून गेले तर? कायमचे गेले तर? नाही बोललं तर खंडू परत त्या आठीमागं.

"सर," ती म्हणाली. आवाज उंदरासारखा निघाला. खाकरली. "सर, तो चिंचोका तुम्ही आत सरकवला. अंगठ्यानं."

व्हरांड्यात एक दोरी वाऱ्यानं हलत होती.

"मी?" सरांनी स्वतःच्या पायाकडं बघितलं, जणू तो शेजाऱ्याचा पाय आहे. "मी नुसता पाय लांब केला. मांडी आखडली व्हती."

"हो सर."

"आणि शिकवता शिकवता तुला माझा अंगठा दिसला?"

आता आलंच होतं तोंडाशी. "सर, तुमचा अंगठा मला पाचवीपासून ओळखीचा आहे. फळ्यावर कुणी गणित सोडवायला गेलं की तुम्ही खुर्चीत बसून बघायचा. बरोबर चाललं की तुमचा अंगठा हलायचा. चुकलं की थांबायचा. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. अंगठा थांबला की आम्ही आकडा पुसून दुसरा लिहायचो."

वैजयंती मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"सगळ्यांना?" सर म्हणाले.

"सगळ्यांना. मला लई मार्क पडायचे सर. पण मला वाटतं, निम्मे तुमच्या अंगठ्याचे."

सर उठले. सर दारापर्यंत गेले, बाहेर बघितलं. मैदानात काही पोरं अजून विटीदांडू खेळत होती. सरांनी हाक मारली, "ए खंडू! इकडं ये रं बाळा. भिऊ नको, मार न्हाई, परीक्षा न्हाई."

खंडू आला. सर त्याच्यासमोर फरशीवर बसले, मांडी घालून, दोन्ही अंगठे मांडीखाली दाबून. ते बघून स्वप्नाला हसू आलं आणि रडूपण.

"मगाशी तू दोरीच्या कडंनं चिंचोके ठेवत व्हतास. का रं?"

खंडू बोटांकडं बघायला लागला. सर गप्प. पाच माणसांच्या वाटणीचं बोलणारा माणूस, गप्प! स्वप्नाला वाटलं, आता बोलतील, आता बोलतील. नाही बोलले. आणि मग खंडू बोलला.

"शेळ्या दावणीला बांधत्यात न."

"बरं?"

"आमच्यात दावण आसती. लांब दोरी. तिला शेळ्या बांधायच्या. तुमची दोरी कशीबी फिरवली तरी दावण तेवढीच. मंग शेळ्या बी तेवढ्याच. वीस."

"आणि मधी?"

"मधी कोण बांधंल? मधी लेंड्या पडत्यात."

वैजयंती मॅडमनी तोंडावर पदर धरला.

"मग तू आत का मांडलंस रं?" सरांनी विचारलं.

"तुमी सरकवला न चिंचोका. मला वाटलं, सरांच्या शेळ्या मोकळ्या असत्यात."

पहिल्यांदा सरच हसले. असे हसले, असे हसले, की मैदानातली पोरं खिडकीशी आली. खंडूपण हसला, आणि स्वप्नानं बघितलं, कपाळावरची आठी गेली होती.

तो पळाल्यावर सरांनी आपला कागद घेतला आणि 'स्वतःच दुरुस्त केलं' यावर काट मारली. शेजारी काय लिहिलं ते दाखवायला स्वप्नाकडं कागद धरला. लिहिलं होतं, 'निरीक्षकानं अंगठ्यानं सांगितलं. पोराचं आधीचं त्याच्या हिशेबानं बरोबर व्हतं.'

"सर, तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलो की. लई रागावलो. दाराकडं गेलो ते निघूनच चाललो व्हतो. मग मैदानात ते पोरगं दिसलं." सरांनी पेनाला टोपण लावलं. "त्यानं काय विचार केला ते ऐकल्याबिगर जाववंना गं."

मग तिघं जी बसली, ती बसली! चूक पोराची नव्हतीच. चूक रकान्याची होती. 'सारख्याच' असं पोरं म्हणतील हे तिघांनी ओळखलं होतं, पण का म्हणतील ते ओळखलं नव्हतं. गावाकडच्या पोराच्या हातात दोरी द्यायची आणि शेळ्या म्हणायचं, मग त्याला दावण दिसणार नाही तर काय दिसणार? एका फरशीवर एक शेळी हे मास्तरांचं. खंडूच्या गोठ्यातली शेळी कुठं फरशी बघून बसते!

"शेळ्या काढूनच टाकू," मॅडम म्हणाल्या. "वाळवण घालू फरशीवर. नाचणी."

"लोणीत नाचणी? आमच्याकडं पिकत न्हाई ती, पोरं विचारतील हे काय," सर म्हणाले. "शेळ्या ऱ्हाऊ द्या. आणि खंडूची दावणबी ऱ्हाऊ द्या. दोन्ही विचारू."

"दोन्ही?" स्वप्ना पुढं सरकली.

"आधी विचारायचं, दोरीला बांधल्या तर किती? मग विचारायचं, दोरी कुंपण समजून शेळ्या आत मोकळ्या सोडल्या, एका फरशीला एक, तर किती? एकच दोरी, दोन हिशेब. एक कडंचा, एक आतला. पोरांना दोन्ही शेजारी शेजारी दिसू दे. सूत्र मागनं येईल, घाई कुणाला हाय!"

मॅडम भराभर लिहीत होत्या. टाचणात शिक्षकाच्या रकान्यात नवी ओळ पडली, पोरांनी एकमेकांना दाखवून होईपर्यंत शिक्षकानं बरोबर-चूक सांगायचं नाही. तोंडानं नाही आणि पायानंही नाही.

"दुसरा पाठ मी घेणार," सर म्हणाले. "लोणीत."

आणि घेतला! पंधरवड्यानं लोणीच्या शाळेत, स्वप्नाच्याच जुन्या वर्गात. स्वप्ना आणि मॅडम वेळेवर पोचल्या, तर सर दारात उभे. पायात बूट. लेसवाले काळे बूट, एवढ्या उन्हाचे!

"सर, वर्गात बूट?"

"पुसून घातल्यात. अंगठा डांबून ठेवलाय."

या वेळी स्वप्नाच्या वाट्याला समृद्धीचा गट आला. समृद्धी म्हणजे दोन वेण्यांची, किरकोळ, नाकावर शाईचा डाग असलेली पोरगी. स्वप्ना भिंतीपाशी बसली, कागद मांडीवर, आणि मनात म्हणाली, मला काय अवघड आहे, मला थोडीच सरांसारखी खोड आहे!

दावणीला बांधलेल्या शेळ्या पटापट झाल्या. लांबडा वाडा, वीस. चौरस वाडा, वीस. "सारख्याच की!" पोरं खूश. मग मोकळ्या शेळ्या. चौरसात पंचवीस. लांबड्यात नऊ. "आँ? दोरी तर तीच हाय!" वर्गभर गलका झाला. सर फळ्याशी उभे, एक शब्द नाही. "बघा बुवा," एवढंच.

आणि समृद्धी थांबली. तिनं लांबड्या वाड्याकडं बघितलं. चौरसाकडं बघितलं. परत लांबड्याकडं. गटातली पोरं पुढच्या कामाला लागली होती, ही मात्र दोरीचा कोपरा धरून बसलेली. 'आकडे लिही ना शेजारी शेजारी,' स्वप्नाच्या मनात आलं. 'वीस-पंचवीस, वीस-नऊ. लिही! दिसेल तुला!' आणि तिच्या लक्षात आलं की आपला हात कागदावरून उठलाय. बोट पुढं झालंय. पाटीकडं. अगं बाई!

तिनं हात मागं ओढला. हाताची घडी घातली, घट्ट, काखेत बोटं दाबून. पण ओठ तर हलत होते! मग एक बोट सोडवून तोंडावर ठेवलं. फळ्याजवळून सर तिच्याकडंच बघत होते. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. पण एक शब्द नाही.

समृद्धीनं काय करावं? दोरीचे दोन कोपरे जवळ ओढले. अजून जवळ. लांबडा वाडा अजून लांबडा झाला, मग नुसती फट राहिली, आणि मग दोरीला दोरी चिकटली. सरळ रेघ. आत जागाच नाही! ती पुटपुटली, कुणालाच नाही, स्वतःलाच, "बांधल्या तर वीसच. मोकळी एकबी न्हाई." आणि मग गालातल्या गालात इतकी हसली की शाईचा डाग पार गालावर गेला.

टाचणाच्या रकान्यात हे नव्हतं. तिघांनी मिळून एवढं डोकं घातलं, पण हे कुणाच्या स्वप्नातपण आलं नव्हतं! स्वप्नाला टुणकन उडी मारून ओरडावंसं वाटलं. पण बोट तोंडावर. तिनं नुसतं लिहिलं, समृद्धी काय म्हणाली ते जसंच्या तसं. अक्षर वेडंवाकडं झालं.

घंटा झाली, पोरं पळाली, दार लोटलं. तिघं सतरंजीवर गोल बसली. नियमानं सर पहिल्यांदा बोलले.

"आपला पाठ," ते म्हणाले, आणि 'आपला' असं म्हणाले की मॅडमनी मान खाली घालून हसू लपवलं. "आपल्या पाठात आज मी लई गप्प बसलो. जीव गेला माझा. तुझ्या पोरीकडं मी लांबनं बघत व्हतो स्वप्ने, ती दोरीशी काहीतरी करत व्हती. काय केलं तिनं? सांग लवकर!"

स्वप्नानं कागद उचलला. वाचायला तोंड उघडलं. आणि मिटलं. तिनं कोपऱ्यातली दोरी आणली आणि सरांच्या पुढ्यात टाकली.

"सर, वाचायच्या आधी एकदा तुम्हीच करून बघा ना. तिच्यापुढं लांबडा वाडा होता. तिला बघायचं होतं की अजून लांबडा केला तर काय होतं."

"मी?"

"हो."

सर दोरी घेऊन बसले. केस पांढरे झालेला माणूस, बूट काढून, फरशीवर ओणवा. त्यांनी कोपरे ओढले. थांबले. आठ बाय दोन केलं, मोजलं, नऊ बाय एक केलं, मोजलं. "कमी व्हत चाललंय," स्वतःशीच म्हणाले. अजून ओढायला लागले, आणि मधेच हात थांबला.

"बरोबर चाललंय का गं?"

स्वप्ना बोलली नाही. सरांनी मान वर केली नाही. ते तिच्या पायांकडं बघत होते.

स्वप्नानं दोन्ही पाय हळूच सतरंजीखाली घेतले आणि हाताची घडी घातली.